मानधन पद्धतीप्रमाणे

‘माझ्या बालकथासंग्रहाचे सर्व हक्क मी आपल्या प्रकाशन संस्थेस देत आहे. मानधन पद्धतीप्रमाणे.’ खाली लेखिकेची सही आणि तारीख, १ जून २०२२.

हे पत्र काल्पनिक आहे, पण मराठी प्रकाशनव्यवहार जवळून पाहिलेल्या कुणालाही ते ओळखीचं वाटेल. समजा, लेखिका सांगलीच्या निवृत्त शिक्षिका आहेत आणि प्रकाशक पुण्याचे. दोघं सज्जन, एकमेकांवर विश्वास असलेले. पुस्तक निघालं, शाळांमध्ये गेलं, बऱ्यापैकी खपलं. मग एके दिवशी एका ऑडिओ कंपनीने लेखिकेला फोन केला, की तुमच्या गोष्टी आम्हाला ध्वनिमुद्रित करायच्या आहेत. ‘सर्व हक्क आमच्याकडे आहेत,’ असं प्रकाशकांचं म्हणणं पडलं. बाईंना प्रश्न पडला, की कुठले हक्क, किती वर्षं आणि कितीला? पत्रात यातलं काहीच नव्हतं.

आपल्याकडे अशा वेळी दोन टोकाच्या समजुती असतात. काहीच लिहिलेलं नाही म्हणजे करारच नाही, ही एक. आणि सही केली म्हणजे सगळं गेलं, ही दुसरी. दोन्ही चूक. करारात राहून गेलेली जागा क्वचितच रिकामी राहते. काही जागा कायदा स्वतः भरतो, काही जागांसाठी तो साक्षीपुरावा मागतो, आणि काही जागा तो भरायलाच नकार देतो. करार लिहून देणाऱ्याला यातली कोणती जागा कोणत्या जातीची हे ठाऊक असावं लागतं. मसुदा लिहिण्याचं निम्मं काम तेच आहे.

पुस्तकांच्या बाबतीत पाहायचा कायदा म्हणजे १९५७ चा कॉपीराइट कायदा, आणि त्यातलं कलम १९. हक्कांच्या हस्तांतराचा दस्तऐवज कसा असावा हे ते सांगतं. हस्तांतर लेखी हवं आणि त्यावर हक्क देणाऱ्याची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही हवी. कोणती कृती, कोणते हक्क, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि किती मोबदल्यात, हे सगळं त्यात नोंदलेलं असावं. इथवर कुणीही शहाणा माणूस सांगेल. गंमत पुढे आहे. माणसं हे लिहीत नाहीत हे संसदेला माहीत होतं, म्हणून १९९४ च्या दुरुस्तीने मौनाचे अर्थ ठरवून टाकले. मुदत लिहिली नसेल, तर ती हस्तांतराच्या तारखेपासून पाच वर्षं धरायची. प्रदेश लिहिला नसेल, तर तो भारतापुरता धरायचा. आणि दिलेला एखादा हक्क एका वर्षाच्या आत वापरलाच नाही, तर त्या हक्कापुरतं हस्तांतर आपोआप संपलं असं मानायचं, करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर. हाच नियम हस्तांतराऐवजी नुसता परवाना दिला असेल तरीही लागू होतो, तशी सोय कायद्यात केलेली आहे.

आता हे बाईंच्या पत्राला लावून पाहू. मुदत लिहिलेली नाही, म्हणून १ जून २०२२ पासून पाच वर्षं, म्हणजे ३१ मे २०२७ पर्यंत. ‘सर्व हक्क’ म्हणजे कायमचे हक्क, असं प्रकाशक मनात धरून चालले होते. लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीनंतर साठ वर्षं टिकतो, तेव्हा कायमचे म्हणजे केवढे, याचा हिशेब करून बघावा. त्या सगळ्या काळातली फक्त पाच वर्षं या पत्राने प्रकाशकांकडे गेली. प्रदेश लिहिलेला नाही, म्हणून भारत. अमेरिकेतल्या मराठी शाळांसाठी तिथल्या एखाद्या संस्थेला हे पुस्तक तिथेच छापायचं असेल, तर परवानगी बाईंकडे मागावी लागेल.

ऑडिओचं काय? प्रकाशकांनी छापील पुस्तक वर्षाच्या आत काढलं, म्हणून छपाईचा हक्क त्यांच्याकडे टिकला. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र त्यांनी ३१ मे २०२३ पर्यंत वापरला नाही. तो ‘सर्व हक्कां’त धरला, तरी त्या तारखेनंतर तो बाईंकडे परत आला. हिंदी अनुवादाचा हक्कही तसाच परत आला. ऑडिओ कंपनीचा फोन बाईंना आला तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं, त्यामुळे उत्तर द्यायचा अधिकार बाईंचा होता.

म्हणूनच वकिलाकडून तयार करून घेतलेल्या प्रकाशनकरारांत शेवटी शेवटी एक वाक्य हमखास सापडतं: ‘कलम १९(४) या करारास लागू राहणार नाही.’ लेखक ते वाचून पुढे जातात, कारण आकड्यांवरून काही बोध होत नाही. त्याचा अर्थ असा, की आम्ही तुमचा हक्क वर्षानुवर्षं कपाटात ठेवला तरी तो आमचाच. प्रकाशकाने हे वाक्य घालणं बेकायदा नाही. त्यावर सही करण्यापूर्वी लेखकाला त्याचा अर्थ मात्र कळायला हवा, आणि कळल्यावर त्याने निदान ‘दोन वर्षांत न वापरलेला हक्क परत’ एवढं तरी मागावं असं मला वाटतं.

एक पोटनियम इथेच सांगायला हवा, कारण जुन्या लेखकांच्या वारसांना तो हमखास नडतो. मौनाला पाच वर्षांचा आणि भारतापुरता अर्थ लावणारे हे नियम १९९४ ची दुरुस्ती लागू होण्यापूर्वीच्या हस्तांतरांना लागत नाहीत. आजोबांनी १९७० साली ‘सर्व हक्क’ लिहून दिले असतील, तर पाच वर्षांचा दाखला तिथे चालणार नाही. त्या कागदाची भाषाच वाचावी लागते.

मुदत आणि प्रदेश अशा रीतीने भरले गेले. मानधनाची जागा मात्र कायद्याने तशीच ठेवली आहे. मोबदला नमूद करा, असं कलम १९ म्हणतं, पण नमूद केला नाही तर अमुक टक्के धरा, असं कुठेच म्हणत नाही. वस्तूंच्या विक्रीत तशी सोय आहे. १९३० च्या मालविक्री कायद्यानुसार किंमत ठरलेली नसेल, तर खरेदीदाराने वाजवी किंमत द्यायची. गहू, सिमेंट, पंखे यांना बाजारभाव असतो, म्हणून वाजवी किंमत शोधता येते. कथासंग्रहाच्या हक्काला बाजारभाव कुठला आणायचा?

‘पद्धतीप्रमाणे’ लिहिलं की भागतं, असं दोन्ही बाजूंना वाटतं, आणि प्रत्येकाच्या मनात पद्धत वेगळी असते. छापील किमतीच्या दहा टक्के, असं बाई धरून चालल्या होत्या. प्रकाशकांच्या डोक्यात विक्रेत्याचं कमिशन वजा जाता हाती येणाऱ्या रकमेचे दहा टक्के होते. पुस्तकाची किंमत २०० रुपये आणि खपलेल्या प्रती ८०० असं धरू. बाईंच्या हिशेबाने प्रतीमागे २० रुपये, एकूण १६,००० रुपये. प्रकाशक विक्रेत्याला ४० टक्के सूट देत असतील, तर त्यांच्या हाती प्रतीमागे १२० रुपये येतात. त्याचे दहा टक्के म्हणजे १२ रुपये, एकूण ९,६००. टक्का दोघांचाही दहाच, फरक ६,४०० रुपयांचा. त्यात छापलेल्या प्रतींवर द्यायचं की विकल्या गेलेल्या, हा प्रश्न अजून मधे आलेलाच नाही.

अनिश्चित कराराचं काय करायचं, हे १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २९ मध्ये सांगितलं आहे. ज्या कराराचा अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार निरर्थक, म्हणजे कायद्याच्या लेखी नसल्यासारखाच. महत्त्वाचे शब्द आहेत ‘निश्चित करताही येत नाही’ हे. या कलमाखालची उदाहरणं वाचण्यासारखी आहेत. ‘अ’ने ‘ब’ला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं. कसलं तेल हे कळायला काही मार्ग नाही, म्हणून करार निरर्थक. पण ‘अ’ फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर त्याच्या धंद्यावरूनच शंभर टन खोबरेल तेल हा अर्थ निघतो आणि करार उभा राहतो. ‘क’ ठरवेल त्या किमतीला एक हजार मण तांदूळ, हाही करार चालतो, कारण आकडा आज नसला तरी तो निघण्याची वाट आहे. ‘माझा पांढरा घोडा पाचशे रुपयांना किंवा हजार रुपयांना’ हा मात्र चालत नाही. दोन आकडे दिलेत, पण त्यातला कुठला हे सांगणारं काही नाही.

बाईंचं ‘पद्धतीप्रमाणे’ खोबरेल तेलासारखं की पांढऱ्या घोड्यासारखं? त्याच प्रकाशकाने गेली कित्येक वर्षं आपल्या सगळ्या लेखकांना छापील किमतीच्या दहा टक्के दिले असतील, त्याच्या हिशेबवह्यांत ते दिसत असेल, तर पद्धत सिद्ध करता येईल आणि मानधन त्यावरून निघेल. प्रत्येक लेखकाला वेगळा दर दिला असेल, तर पद्धत अशी काही उरतच नाही. म्हणजे सगळा भार पुराव्यावर येतो, आणि तो पुरावा असतो समोरच्याच्या कपाटात.

‘पण फोनवर दहा टक्के ठरलं होतं!’ असं बाई म्हणाल्या, तर ते ऐकून घेतलं जाईल का? लेखी करार झाल्यावर त्याच्या विरुद्ध जाणारं तोंडी बोलणं पुराव्यात येत नाही, हा साक्ष कायद्याचा जुना नियम. त्याला एक अपवाद आहे. ज्या मुद्द्यावर कागद गप्प आहे आणि तोंडी ठरलेलं कागदाशी विसंगत नाही, त्या मुद्द्यावरचं तोंडी बोलणं सिद्ध करता येतं. मात्र कागद किती औपचारिक आहे हेही न्यायालय पाहतं. जुन्या कायद्यात याचं छान उदाहरण होतं. कुणी खोल्या भाड्याने घेतल्या आणि एका चिठ्ठीवर ‘खोल्या, महिना इतके रुपये’ एवढंच लिहून दिलं, तर त्यात जेवणही धरलं होतं हे तोंडी पुराव्याने दाखवता येतं. पण वर्षभरासाठी वकिलाकडून स्टॅम्प पेपरवर रीतसर करार करून घेतला आणि त्यात जेवणाचा उल्लेख नसेल, तर ‘जेवणाचं तोंडी ठरलं होतं’ असं म्हणता येत नाही. २०२४ च्या जुलैपासून नवा साक्ष कायदा आला, तरी हे तत्त्व कायम आहे.

हे बहुतेकांच्या कल्पनेच्या उलट आहे. अर्धवट करार स्टॅम्प पेपरवर टाईप करून घेतला की आपण सुरक्षित झालो, असं माणसाला वाटतं. खरं तर कागद जितका भारदस्त, तितकं त्यातलं मौन पक्कं होत जातं. बाईंचं दोन ओळींचं पत्र त्या चिठ्ठीच्या जवळचं आहे, म्हणून फोनवरचं बोलणं, त्यानंतरचा एखादा व्हॉट्सॲप निरोप, पहिल्या वर्षी आलेल्या चेकची रक्कम हे सगळं त्यांच्या कामी येऊ शकतं. तेच पत्र बारा पानी करार असता आणि मानधनाचा रकाना कोरा राहिला असता, तर ही वाट खूपच अरुंद झाली असती.

आता समजा, बाई आणि प्रकाशक दोघंही म्हणाले की झालं ते झालं, नीट करार करून घेऊ. ते एखाद्या वकिलाकडे किंवा जाणत्या लेखकाकडे आले आणि म्हणाले, ‘तुम्हीच लिहून द्या काय ते.’ इथे मसुदा लिहिणाऱ्याला मोह होतो, की आपल्याकडे असलेला एखादा जुना नमुना काढावा आणि नावं बदलावीत. नमुन्यातले आकडे कुणाचे तरी असतात, यांचे नसतात. तेव्हा आधी विचारायचं. न ठरलेलं ठरलंय असं लिहायचं नाही. जिथे दोघांची उत्तरं जुळत नाहीत, तिथे मसुद्यात चौकटी कंसात दोन्ही पर्याय ठेवायचे आणि तो मसुदा सहीसाठी नाही असं वर ठळक लिहायचं. असे कंस तसेच राहून सही झालेले करार मी पाहिले आहेत. तो पांढरा घोडाच.

पहिला प्रश्न: हक्क विकायचेत की वापरायला द्यायचेत? लेखकाच्या बाजूने मी नेहमी परवाना सुचवेन, आणि प्रकाशकाला निर्धास्त वाटावं म्हणून तो एकमेव परवाना असावा, म्हणजे त्या मुदतीत दुसऱ्या कुणालाही, अगदी लेखिकेलाही, ते पुस्तक छापता येणार नाही. मग हक्क एकेक करून लिहायचे: मराठी छापील आवृत्ती, मराठी ई-बुक. ‘सर्व’ हा शब्द टाळायचा. ई-बुक असेल तर प्रदेशाचा विचार आलाच, कारण ते टोरांटोतूनही विकत घेता येतं. तिथे ‘जगभर’ असं स्पष्ट लिहावं लागतं, नाहीतर कायदा भारतावर थांबतो.

मुदतीच्या बाबतीत मराठीत एक जुनी सवय आहे, ती म्हणजे आवृत्तीने मोजायची. ‘पहिल्या आवृत्तीपुरते हक्क.’ हजार-अकराशे प्रती एकदम छापून गोदामात ठेवण्याच्या काळात हे ठीक होतं. प्रती संपल्या की आवृत्ती संपली. आता मागणी येईल तशा पन्नास-पन्नास प्रती छापता येतात, त्यामुळे पहिली आवृत्ती वीस वर्षंही चालू शकते. तेव्हा आवृत्ती लिहायचीच असेल, तर तिला आकडा आणि तारीख दोन्ही द्यावेत. उदाहरणार्थ: ‘हा परवाना १,००० छापील प्रती विकल्या जाईपर्यंत किंवा ३१ मे २०२७ पर्यंत, यापैकी जे आधी घडेल तोपर्यंत राहील.’

मानधनाचं कलम असं लिहिता येईल: ‘विकल्या गेलेल्या प्रत्येक छापील प्रतीमागे, प्रतीवर छापलेल्या किमतीच्या १० टक्के रक्कम प्रकाशक लेखिकेस देईल. विक्रेत्यांना दिलेली सूट यातून वजा होणार नाही. ३१ मार्चपर्यंतच्या विक्रीचा लेखी हिशेब आणि रक्कम त्याच वर्षीच्या ३० जूनपर्यंत देण्यात येईल.’ चार गोष्टी त्यात आल्या: कशावर, किती, काय वजा नाही, आणि केव्हा. दहाच्या जागी सात असो वा बारा, ती घासाघीस त्या दोघांची. सूट वजा करायची असं ठरलं, तर तेही चालेल, फक्त लिहावं. हिशेबाची तारीख नसलेलं मानधन कागदावरच राहतं, असा अनुभव पुष्कळ लेखक सांगतील.

आणि ज्याचा आकडा आज खरोखरच ठरवता येत नाही? ऑडिओचंच घ्या. किती खपेल, कंपनी किती देईल, कुणालाच माहीत नाही. अशा ठिकाणी ‘पुढे परस्पर संमतीने ठरवू’ हे वाक्य सर्रास लिहिलं जातं. दिसायला समंजस, पण पुढे संमती झाली नाही तर न्यायालय ती घडवून आणत नाही. त्यापेक्षा तीन सरळ मार्ग आहेत. तो हक्क आज द्यायचाच नाही, ‘लेखिकेकडे राखीव’ असं लिहायचं, आणि हवं तर बाहेरचा प्रस्ताव आला की आधी प्रकाशकाला विचारू एवढं बंधन घ्यायचं. किंवा आकड्याऐवजी सूत्र द्यायचं: मिळेल त्या रकमेचा निम्मा निम्मा वाटा. किंवा तांदळाच्या उदाहरणासारखा तिसरा माणूस नेमायचा, तो ठरवेल ती रक्कम. यात एक मेख आहे. मालविक्रीच्या कायद्यात, किंमत ठरवणाऱ्या तिसऱ्याने ती ठरवलीच नाही किंवा त्याला ती ठरवता आली नाही, तर करारच कोसळतो. तेव्हा त्या माणसाचं निधन झालं किंवा त्याने नकार दिला तर कोण, हे दुसरं नावही लिहून ठेवलेलं बरं. बाईंच्या बाबतीत मी पहिला मार्ग घेईन. ऑडिओचा हक्क त्यांच्याकडे परत आलेलाच आहे, तो सूत्रात गुंफून पुन्हा देण्याचं कारण दिसत नाही.

प्रकाशकाच्या बाजूनेही एक जागा कोरी राहते आणि ती कायदा भरत नाही. ३१ मे २०२७ ला मुदत संपली तेव्हा गोदामात दोनशे प्रती पडून असतील, तर त्यांचं काय? त्या छापताना हक्क होता, विकताना नाही, मग वाद. म्हणून मुदतीनंतर सहा महिने शिल्लक प्रती नेहमीच्याच मानधनावर विकण्याची सवलत द्यावी, नवी छपाई मात्र करू नये. त्यानंतर उरलेल्या प्रती लेखिकेला छपाईखर्चात घेण्याचा पहिला हक्क असावा. रद्दीत जाण्यापेक्षा त्या सांगलीच्या शाळांत गेलेल्या बऱ्या, आणि पुष्कळ प्रकाशक याला आनंदाने तयार होतात, कारण गोदामाचं भाडं त्यांनाच भरावं लागतं.

नवा करार झाल्यावर जुन्या पत्राचं काय, हेही त्यातच लिहायचं असतं: ‘१ जून २०२२ च्या पत्राची जागा हा करार घेतो, त्या पत्राखाली आजवर झालेल्या विक्रीचं मानधन इतके रुपये ठरलं असून ते मिळालं आहे.’ हे वाक्य नसेल, तर एकाच पुस्तकाचे दोन कागद शिल्लक राहतात. दोन प्रती कराव्यात, प्रत्येक पानावर दोघांच्या सह्या घ्याव्यात, आणि बाईंनी आपली प्रत जिथे मुलांना सापडेल अशा ठिकाणी ठेवावी. कॉपीराइट वारसांकडे जातो, आणि २०२७ नंतर प्रकाशकाशी बोलायला कदाचित तेच बसतील.